योगाचार म्हणजे बर्कली नव्हे : विज्ञानवाद वाचताना या चुका टाळा

योगाचार, म्हणजेच विज्ञानवाद, या बौद्ध मताचा आचार्य वसुबंधू याची ‘विंशतिका’ उघडली की सुरुवातीलाच ‘विज्ञप्तिमात्र’ हा शब्द भेटतो आणि मराठी वाचक तिथेच अडखळतो. आपल्याकडे विज्ञप्ती म्हणजे विनंती, नाहीतर वर्तमानपत्रातली सूचना. इथे तिचा अर्थ आहे जाणीव, एखादी गोष्ट मनात भासणं. वसुबंधू उदाहरण देतो तिमिर हा डोळ्यांचा विकार झालेल्या रोग्याचं. त्याला डोळ्यांसमोर केसांची जाळी दिसते, पण तिथे केस नसतात. दिसणं खरं, दिसलेली वस्तू नाही. आपला सगळा अनुभव असाच आहे, हा त्याचा दावा.

इथून सर्वात मोठी चूक सुरू होते. ‘म्हणजे जग हा आपल्या मनाचा खेळ’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मग भिंत आपल्या मर्जीने का हलत नाही, हा प्रश्न उरतोच. गंमत अशी, की हा आक्षेप वसुबंधूने स्वतःच दुसऱ्या श्लोकात मांडला आहे. बाहेर वस्तू नसेल तर ती ठरावीक जागी आणि ठरावीक वेळीच का दिसते? एकालाच न दिसता तिथल्या सगळ्यांना का दिसते? आणि दिसलेल्या अन्नाने भूक कशी भागते?

त्याचं उत्तर सावकाश वाचावं. स्वप्नातही बाग ठरावीक जागीच दिसते, सगळीकडे नाही. म्हणजे जागेच्या आणि वेळेच्या नियमाला बाहेरची वस्तू लागतेच असं नाही. सगळ्यांना एकच कसं दिसतं, यासाठी तो प्रेतयोनीत जन्मलेल्या भुकेल्या जीवांचा दाखला देतो. एकसारख्या कर्माचं फळ भोगणारे असे जीव जमतात, तेव्हा त्या सगळ्यांना नदी पुवाने भरलेली दिसते, एकट्यादुकट्याला नाही. पू तिथे नाही, तरी अनुभव सामायिक आहे. कारण कर्माने पेरलेली बीजं सारखी आहेत. पुढे अठराव्या श्लोकात तो आणखी सांगतो, की वेगवेगळ्या जीवांचे चित्तप्रवाह एकमेकांवर परिणाम करतात. तेव्हा दुसरी माणसं माझ्या कल्पनेतली नाहीत. त्यांचे प्रवाह माझ्याइतकेच खरे आहेत.

आता याच प्रश्नाला आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली काय म्हणतो ते पाहा. 1710 सालच्या ग्रंथात तोही जडद्रव्य नाकारतो: वस्तूचं असणं म्हणजे तिचं जाणलं जाणं. पण अनुभवातली शिस्त तो ईश्वराकडे सोपवतो. माझ्या इच्छेविना येणाऱ्या संवेदना ईश्वर देतो, म्हणून त्या सुसंगत असतात. शिवाय त्या संवेदना घेणारा आत्मा हे त्याच्या मते खरं, क्रियाशील द्रव्य आहे. वसुबंधूकडे ईश्वर नाही आणि असा आत्माही नाही. ईश्वराच्या जागी कर्मबीजं आहेत. पण आत्म्याची जागा मात्र रिकामीच राहते, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे. बर्कली पाहिली जाणारी वस्तू काढून पाहणारा शिल्लक ठेवतो. योगाचार ‘ग्राह्य’ आणि ‘ग्राहक’ दोन्ही काढतो. जाणीव घडते, पण ती कुणा मालकाची नसते.

वेदान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाची चूक इथली असते. ‘आलयविज्ञान’, म्हणजे कर्मबीजं साठवणारी खोलवरची जाणीव, हा शब्द वाचला की तो त्याला आत्मा किंवा ब्रह्म समजतो. वसुबंधूच्याच ‘त्रिंशिके’चे चौथा-पाचवा श्लोक वाचले की हा गैरसमज टिकत नाही. आलयविज्ञान पुराच्या लोंढ्यासारखं वाहतं, दर क्षणी नवं, आणि अर्हत्पदाला पोचल्यावर ते निवर्ततं. जे थांबतं ते ब्रह्म कसं असेल? शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवादाचं खंडन केलं आहे, ते दोन मतं वेगळी होती म्हणूनच.

शेवटची चूक सूक्ष्म आहे, आणि ती अभ्यासू माणसाकडूनच होते. बाहेरचं काही नाही हे पटलं, की तो ‘चित्त हेच अंतिम सत्य’ असं वहीत लिहून ठेवतो. ‘त्रिंशिके’च्या सत्ताविसाव्या श्लोकात वसुबंधू नेमका त्यालाच अडवतो: ‘हे सगळं विज्ञप्तिमात्र आहे’ असं म्हणत तुम्ही काहीतरी समोर मांडून धरलंत, तर तुम्ही विज्ञप्तिमात्रात स्थिर झालेलाच नाही. कारण ‘फक्त मन’ हीसुद्धा आता पकडलेली एक वस्तू झाली, आणि तिला पकडणारा ‘मी’ मागच्या दाराने परत आला.

आपली चूक झाली आहे का, हे स्वतःच्या टिपणांत तपासता येतं. ‘मन जग निर्माण करतं’ असं वाक्य सापडलं, तर कर्ता शिल्लक राहिला आहे. ते खोडून ‘कारणं जुळली की अनुभव उमटतो आणि त्यातच पाहणारा व पाहिलेलं असे दोन भाग भासतात’ असं लिहा. मग पुढचा अठ्ठाविसावा श्लोक वाचा. पकडायला काही नसलं की पकडणाराही नसतो, हे तिथे एका ओळीत आहे.