संघाच्या फोटोत राहून गेलेली खेळाडू कशी बसवावी

शाळेच्या कबड्डी संघात 12 मुली. फोटोच्या दिवशी एकीला ताप, म्हणून फोटोत 11 जणी, सर आणि मॅडम. आठवड्याभराने ती बरी होऊन येते आणि सर म्हणतात, "हिला तेवढी घाला ना मागच्या रांगेत." घालता येते. पण बहुतेक जण तिचा मोबाइलवर काढलेला एखादा फोटो घेतात, कडेने कापतात आणि चिकटवतात. मग ती मुलगी कागदी बाहुलीसारखी उभी दिसते. खरं काम कॉम्प्युटरवर नसतं, ते मैदानावर असतं. तिचा फोटो नीट काढला तर पुढचं तासाभराचं काम आहे. तो चुकला तर रात्रभर बसूनही जमत नाही.

समोर एक खरं वाटेल असं उदाहरण धरू. जमिनीवर मांडी घालून 4 मुली, खुर्च्यांवर सर, मॅडम आणि 3 मुली, मागे उभ्या 4 मुली. मागच्या रांगेत डावीकडून उंच्या अशा: 156, 160, 157 आणि 150 सेंटिमीटर. राहिलेली मुलगी 152 ची. तिची जागा डावीकडच्या टोकाला, 156 वालीच्या शेजारी. टोकच का? कारण मध्ये घुसवायची तर फोटो उभा चिरून अर्धी मंडळी बाजूला सरकवावी लागतात आणि मागच्या भिंतीची वीट अन् वीट जुळवत बसावं लागतं. शिवाय उंच मुली मध्ये आणि बुटक्या टोकांना ही रांगेची रीतच आहे, त्यामुळे 152 तिथे शोभतेही. फोटो तुम्हीच काढणार असाल आणि कोणी गैरहजर आहे हे आधीच माहीत असेल, तर त्या टोकाला एका माणसाची मोकळी जागा सोडूनच फ्रेम धरा.

आधी जुन्या फोटोला विचारा

मूळ फाइल मिळवा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली नको. तिथून आलेल्या फोटोचा आकार कमी होतो आणि आतली माहिती पुसली जाते. पाठवणाऱ्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठव" सांगा. कॉम्प्युटरवर त्या फाइलवर राइट क्लिक करून `Properties` आणि मग `Details` उघडलं की फोटो किती वाजता काढला, लेन्स किती मिलिमीटरवर होती, हे दिसतं. समजा सकाळी 8:40 आणि 35 मिलिमीटर. आता तिला त्याच भिंतीसमोर, सकाळी 8:40 च्या सुमारास, त्याच कॅमेऱ्याने आणि तितक्याच मिलिमीटरवर उभं करायचं आहे. आठवड्याभरात उन्हाची दिशा फारशी बदलत नाही, महिन्यानंतर मात्र बदलते. त्या दिवशी ऊन होतं की मळभ, हे नाकाखालची सावली पाहून ओळखा. सावलीची कड स्पष्ट असेल तर ऊन, नसेल तर मळभ किंवा इमारतीची सावली. ऊन असलेल्या फोटोत मळभातली मुलगी बसवायचा प्रयत्न करू नका. एक दिवस थांबा.

फोटो काढताना तिला एकटीला बोलावू नका

हे सगळ्यात उपयोगाचं, आणि कोणी करत नाही. तिच्या शेजारी उभी असलेली 156 वाली आणि तिच्यापुढे खुर्चीवर बसलेल्या मॅडम, या दोघींनाही पाच मिनिटं बोलवा. दोघींना मूळ जागीच उभं करा, बसवा. राहिलेली मुलगी त्यांच्यामध्ये आपोआप नीट बसते. शेजारणीच्या खांद्याची सावली तिच्या दंडावर जशी पडायला हवी तशीच पडते. मॅडमच्या डोक्याआड तिचा कमरेखालचा भाग जितका झाकायला हवा तितकाच झाकतो.

कॅमेऱ्याची उंची आणि अंतर जुळलं की नाही, तेही याच दोघी सांगतात. मूळ फोटोत 156 वालीच्या जर्सीवरचा नंबर मॅडमच्या केसांमागे कुठपर्यंत कापला गेलाय ते पाहा. समजा तिचा 7 अर्धाच दिसतोय. नव्या फोटोत तो पूर्ण दिसला तर कॅमेरा वर आहे, फक्त वरची आडवी रेघ दिसली तर खाली आहे. अंतरासाठी भिंतीवरच्या खुणा बघा, म्हणजे खिडकीचे गज, पाण्याचा पाइप, रंगाचा पट्टा. पाच मीटरवरून काढलेल्या फोटोत तीस सेंटिमीटर पुढे सरकलात तर माणसं सुमारे सहा टक्क्यांनी मोठी होतात. रांगेत शेजारी उभ्या केल्यावर ते लगेच खुपतं. जवळ जाऊन काढून मग लहान करून भागत नाही, कारण जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक-कपाळ पुढे येतं आणि कान मागे जातात.

गणवेश आणि उभं राहणं

जर्सी त्याच गठ्ठ्यातली हवी. नवीकोरी जर्सी धुतलेल्यांमध्ये ओळखू येते, रंग जास्त गडद आणि घड्यांच्या सरळ रेघा. तिला तिचीच जर्सी घालायला सांगा आणि तिचा नंबर फोटोत आधीच कोणाच्या अंगावर आहे का हे बघा. गैरहजर मुलीची जर्सी दुसरीला घालायला देणं शाळेत अगदी नेहमीचं आहे. एकाच फोटोत दोन 9 आले की तो फोटो संघाचा राहत नाही, विनोदाचा होतो. मग रिबिनीचा रंग, दोन वेण्या की एक, कॉलर आत की बाहेर, घड्याळ असलेल्या-नसलेल्या मुली, हे मूळ फोटो मोबाइलवर समोर धरून एकेक जुळवा.

उभं राहण्याबाबत मुली काय करतात ते बघा. बहुतेक गटांत टोकाच्या मुली किंचित आतल्या बाजूला वळलेल्या असतात. मूळ फोटोतल्या उजव्या टोकाच्या मुलीचा खांदा किती वळलाय ते पाहून डाव्या टोकाच्या मुलीला उलट दिशेने तितकंच वळवा. हात मागे असतील तर मागे. हाताची घडी असेल तर कोणता हात वर आहे तेही बघा. हसू सगळ्यांचं अर्धवट असेल तर हिचं दिलखुलास नको. दहा-बारा फोटो घ्या. आणि फोटो आडवा उलटवून काम भागवायचा मोह आवरा. नंबर उलटा होतो, छातीवरचा बिल्ला दुसऱ्या बाजूला जातो, उन्हाची बाजूही बदलते.

आता कॉम्प्युटरवर

फोटोशॉप असो वा फुकट मिळणारं गिंप, पद्धत एकच. मूळ फोटो खाली, नवा फोटो त्यावर वेगळ्या थरात. वरच्या थराची `Opacity` 50 करा, म्हणजे दोन्ही एकदम दिसतात. भिंतीच्या खुणा एकमेकींवर येईपर्यंत वरचा थर सरकवा. मग 156 वालीचे डोळे जुळतात का बघा. ती तशीच्या तशी उभी नसणार, दोन-चार पिक्सेल इकडे-तिकडे चालेल.

रांगेतली उंची नजरेने ठरवू नका, मोजा. मागच्या रांगेतली 160 वाली आणि 150 वाली दोघी ताठ उभ्या आहेत असं धरू. मूळ फोटोत त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत 80 पिक्सेलचा फरक आहे. म्हणजे 10 सेंटिमीटरला 80, एका सेंटिमीटरला 8 पिक्सेल. राहिलेली मुलगी 152 ची, शेजारीण 156 ची, फरक 4 सेंटिमीटर. तिचे डोळे शेजारणीच्या डोळ्यांपेक्षा 32 पिक्सेल खाली यायला हवेत. आले तर बरोबर. 15-20 पिक्सेलचा फरक पडला तर बूट वेगळे आहेत का, ती पाय फाकवून उभी आहे का, ते बघा. मोजायचं डोळ्यांपासून, टाळूपासून नाही. एकदा मी उंच अंबाडा घातलेल्या मुलीची टाळू धरून मोजलं आणि बिचारी चार बोटं बुटकी झाली. तिच्या आईने पहिल्या नजरेत ओळखलं.

मागची रांग बाकावर उभी असेल तरी हा हिशोब तसाच चालतो, कारण सगळ्याच बाकावर असतात. मात्र एका रांगेचं माप दुसऱ्या रांगेला लावू नका, पुढची रांग कॅमेऱ्याला जवळ असते.

आकारासाठी आणखी एक पडताळा म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंतचं डोकं. एकाच वयाच्या मुलींत उंची दहा सेंटिमीटरने बदलते, पण डोक्याचं माप फारसं बदलत नाही. म्हणून मुलगी बुटकी दिसावी म्हणून अख्खी लहान करणं ही चूक आहे. डोकं लिंबाएवढं होतं. ती खाली सरकवायची, लहान करायची नाही.

जुळलं की `Opacity` परत 100 करा आणि वरच्या थराला `Add Layer Mask` द्या. मास्क म्हणजे झाकण. काळ्या ब्रशने झाकायचं, पांढऱ्याने उघडायचं, खोडरबरासारखं काही कायमचं जात नाही. भिंत दोन्ही फोटोंत तीच असल्यामुळे केस एकेक करून कापायची गरज नाही. तिच्याभोवतीची थोडी भिंतही घ्या आणि मोठ्या, मऊ कडेच्या ब्रशने ती हळूच विरवून टाका. फक्त शेजारणीचा दंड आणि मॅडमचे केस जिथे लागतात तिथे छोटा, जरा कडक ब्रश घ्या. शेजारीण आणि मॅडम मूळ फोटोतल्याच राहू द्या.

रंगासाठी कॉलरची पांढरी पट्टी धरा. आयड्रॉपरने शेजारणीच्या कॉलरचे आकडे घ्या. समजा लाल 232, हिरवा 226, निळा 214. हिच्या कॉलरचे आकडे 228, 230, 238 आले तर ती निळसर आहे. `Curves` मध्ये निळा खाली ओढा, हिरवा किंचित. मग सगळा फोटो तात्पुरता कृष्णधवल करून बघा. रंग नसला की कोण जास्त उजळ आहे ते लगेच कळतं. शेवटी 100 टक्के मोठा करून दोघींच्या गालांवरचे दाणे बघा. हिचा चेहरा जास्त धारदार वाटला तर अर्ध्या पिक्सेलचा ब्लर आणि थोडा नॉइज पुरतो.

ती येऊच शकत नसेल, गाव सोडून गेली असेल, तर तिच्याच अंगलटीच्या मुलीला त्या जर्सीत उभं करून फक्त चेहरा बदलायचा मार्ग उरतो. त्यात मानेचा रंग आणि मानेचा कल जुळवणं फार कठीण जातं. समोरून, तशाच उजेडात काढलेला मोठा फोटो नसेल तर मी नाही म्हणतो. त्यापेक्षा कोपऱ्यात तिचा वेगळा गोल फोटो बरा.

असा फोटो शाळेच्या भिंतीला आणि वार्षिक अंकाला ठीक आहे. स्पर्धेच्या कागदपत्रांना खेळाडूंचा फोटो जोडायचा असेल तर हा देऊ नका. सरांनाही ते आधीच सांगून ठेवा, आणि मुलीच्या घरच्यांना विचारून घ्या.

प्रिंट 12 बाय 18 मध्ये काढण्याआधी एक छोटी प्रत काढून संघाबाहेरच्या कोणाला तरी दाखवा आणि नुसतं विचारा, यातली कोण नंतर घातलीय. बोट डाव्या टोकाला गेलं तर कशामुळे ते विचारा. उत्तर बहुधा "जरा गोरी वाटते" असं येतं, म्हणजे परत `Curves`. थरांसकट फाइल जपून ठेवा. फ्रेम भिंतीला लागल्यावर कोणीतरी येऊन सांगतंच की हिच्या जर्सीचा नंबर खरं तर 11 होता.