‘शटरिंग काढा’ म्हणजे नेमकं काय काढा?

बांधकाम साइटवर लावायच्या सुरक्षा सूचनांचं भाषांतर पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा मी एका वाक्यावर सपशेल आपटलो. स्लॅबखालचं शटरिंग 3 दिवसांनी काढता येतं, मात्र टेके लगेच परत लावायचे, एवढंच मूळ इंग्रजी वाक्यात होतं. मी लिहिलं: ‘स्लॅबचे शटरिंग 3 दिवसांनंतर काढावे व आधारस्तंभ त्वरित पुनर्स्थापित करावेत.’ मुकादमाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आधारस्तंभ म्हणजे कॉलमच ना? ते आम्ही कशाला काढतोय?”

ही चूक हसण्यावारी गेली असती. खरी भीती पहिल्या अर्ध्या वाक्याची होती. साइटवर ‘सेंट्रिंग’ किंवा ‘शटरिंग’ म्हटलं की प्लेटा, त्यांच्याखालचे आडवे स्पॅन आणि उभे जॅक म्हणजेच टेके, सगळं त्यात आलं. ‘सेंट्रिंग खोललं’ म्हणजे खोली रिकामी झाली. त्यामुळे माझं वाक्य कामगाराच्या कानात ‘तिसऱ्या दिवशी सगळं खोला’ असं पडणार होतं. पुढचं ‘पुनर्स्थापित’ कोण वाचतंय?

काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक असलेल्या आयएस 456 : 2000 मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या दिल्या आहेत. स्लॅबच्या तळाचा साचा 3 दिवसांनी काढता येतो, तोही टेके लगेच परत लावण्याच्या अटीवर. टेके मात्र स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर 7 दिवस आणि त्याहून मोठा असेल तर 14 दिवस ठेवायचे. हे आकडे साधं पोर्टलँड सिमेंट, 15 अंशांच्या खाली न जाणारं तापमान आणि नीट पाणी मारणं धरून आहेत. सिमेंट वेगळं असेल तर मुदत इंजिनिअर ठरवतो. म्हणून फलकावर दिवसांचा आकडा छापूच नये, असं माझं मत झालं आहे.

‘गाळा’ हा शब्दही मी नंतर वापरला. आधी ‘स्पॅन साडेचार मीटरपेक्षा मोठा असल्यास’ असं लिहिलं होतं. पण सेंट्रिंगवाल्यांसाठी स्पॅन म्हणजे प्लेटेखाली लावायची लोखंडी सरकती पट्टी! तिची लांबी मोजायला कोणी गेलं असतं तर दोष माझाच. आता मी ‘एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंतचं अंतर’ असं सरळ लिहितो.

दिवस मोजण्यातही एक खोच आहे. समजा, 4 मीटर गाळ्याचा स्लॅब 10 तारखेला ओतला. मुकादम 10 तारीख पहिला दिवस धरतो, म्हणजे त्याचे 7 दिवस 16 तारखेला भरतात. खरी तारीख 17. यावर भाषेचा उपाय नाही, म्हणून मी फलकाचा मजकूरच बदलून मागितला:

‘स्लॅब ओतला: 10 तारीख. प्लेटा काढायच्या: 13 तारखेपासून. एका पट्ट्यातल्या प्लेटा काढा, तिथे जॅक लावून घट्ट करा, मगच पुढचा पट्टा. जॅक 17 तारखेपर्यंत हलवायचा नाही. त्यानंतरही इंजिनिअरची सही असेल तरच.’

तारखांच्या जागा कोऱ्या ठेवायच्या आणि इंजिनिअरने त्या हाताने भरायच्या. ‘त्वरित’ शब्दाला साइटवर फार अर्थ नसतो, ‘मगच पुढचा पट्टा’ला असतो.

दुसरी जागा जपायची ती छज्जा किंवा बाल्कनीची. टेके ‘मुक्त टोकाकडून’ काढावेत, असं भाषांतर मी दुसऱ्याच्या पत्रकात पाहिलं आहे. शब्दकोशाप्रमाणे बरोबर, कामाला शून्य. ‘बाहेरच्या टोकापासून सुरुवात करा, भिंतीकडे या’ असं लिहावं. कारण समजलं तर भाषांतर करताना हात आपोआप सावध होतो. छज्जाची मुख्य सळी वरच्या बाजूला असते. भिंतीजवळचे टेके आधी काढले आणि टोकाचे राहिले तर छज्जा दोन्हीकडून टेकलेल्या फळीसारखा मधे वाकतो, ताण खाली येतो आणि तिथे पुरेशी सळीच नसते. साध्या स्लॅबला उलट क्रम: मधून सुरुवात करून कडांकडे जायचं. दोन्ही सूचना एकाच वाक्यात कोंबू नका, फलकच दोन करा.

परांचीच्या सूचना तुलनेने सोप्या गेल्या, कारण तिथे वस्तू दिसते आणि बोट दाखवता येतं. टेक्यांच्या बाबतीत मात्र काय काढायचं नाही हे सांगायचं असतं.

मजकूर तपासायला मी ‘समजलं का?’ असं विचारणं सोडलं, सगळे ‘हो’ म्हणतात. फलक वाचून झाला की झाकतो आणि विचारतो, “आज 13 तारीख आहे, दादा, तुम्ही आधी कशाला हात लावाल?” नव्या फलकावर पहिल्याच खेपेला एकाने सांगितलं, “प्लेटेला. आणि जॅक बाजूला घेऊन ठेवेन, संध्याकाळी सगळे एकदम लावू.” ‘मगच पुढचा पट्टा’ ही ओळ मी त्या दुपारी ठळक अक्षरांत, सर्वांत वर नेली.