पूलच्या क्लोरिनची सेफ्टी शीट मराठीत करताना या चुका टाळा

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत पूलसाठी कॅनमधून येणारे लिक्विड क्लोरिन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. सेफ्टी डेटा शीट इंग्रजीत असते, म्हणून कुणीतरी मोबाइलने फोटो काढतो, अ‍ॅपमधून मराठी करतो आणि प्रिंट पंप रूमच्या भिंतीवर चिकटवतो. घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो.

शीटचे 16 भाग असतात. भिंतीसाठी दुसरा (धोके) आणि चौथा (प्रथमोपचार) हे आधी घ्या. लॅमिनेट केलेल्या कागदावर ट्यूबलाइटची चकाकी पडली की धोक्याचा कोड H314 चा H315 वाचला जातो. एका आकड्याचा फरक, पण H314 म्हणजे कातडी गंभीर भाजते आणि डोळ्यांना इजा होते, तर H315 म्हणजे कातडीची जळजळ. आकडा आणि त्याच्यापुढचे वाक्य जुळते का पाहा. शेजारी हातावर आणि धातूवर द्रव सांडल्याचे चित्र असेल आणि मराठीत नुसती ‘जळजळ’ आली असेल, तर फोटो पुन्हा काढा.

‘कोरोसिव्ह’चे ‘गंजकारक’ झाले तर कामगाराला वाटते पाइप गंजेल, आपल्याला काय. धातूसाठी तो शब्द चालेल. माणसासाठी सरळ लिहा: ‘अंगावर पडले तर भाजते. कपडे लगेच काढा, अंग भरपूर पाण्याने धुवा.’

सर्वांत घातक चूक गिळण्याच्या ओळीत होते. ‘डू नॉट’ फोटोच्या कडेला कापले गेले की मराठीत उरते ‘उलटी करवा’. अशाने जे अन्ननलिका भाजत खाली गेले तेच पुन्हा वर येते. मूळ पानावरची ‘नॉट’ मोजा, मराठीतली ‘नका’ मोजा. आकडा जुळलाच पाहिजे. ओळ अशी हवी: ‘उलटी करायला लावू नका. तोंड पाण्याने धुवा. लगेच 108 ला फोन करा.’ शीटवरचा नंबर अनेकदा परदेशातला असतो, तो भिंतीवर कामाचा नाही.

डोळ्यांसाठी ‘काही मिनिटे धुवा’ असे आले तर माणूस दोन मिनिटांत थांबतो. चौथ्या भागात बहुधा नेमका वेळ दिलेला असतो, अनेकदा 15 मिनिटे, तोच लिहा. क्रमही बिघडू देऊ नका: आधी पाणी सुरू, मग लेन्स सहज निघत असेल तर काढा, मग पुन्हा पाणी.

शेवटचा धोक्याचा कोड EUH031. ‘आम्लाच्या संपर्काने विषारी वायू मुक्त होतो’ हे भाषांतर बरोबर, पण बाथरूम धुणाऱ्याला ‘आम्ल’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्या बादलीतल्या वस्तूचे नाव घाला: ‘टॉयलेटच्या अ‍ॅसिडात हे मिसळू नका. विषारी वायू सुटतो. वास आला तर बाहेर मोकळ्या हवेत जा.’