निमंत्रण भलत्याच सचिनला गेलं: मीटिंग ठरवताना या चुका टाळा

मीटिंगचं निमंत्रण चुकीच्या माणसाला गेलं, तर यादीतून त्याचं नाव काढलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. उलट नाव काढण्याच्या त्या एका क्लिकने प्रकरण कधीकधी जास्त चिघळतं. हे नेमकं कसं होतं ते दाखवायला एक गोष्ट रचली आहे. तिच्यातली माणसं आणि कारखाना काल्पनिक आहेत, पण पडद्यावर जे घडतं ते असंच घडतं.

चाकणजवळचा सुट्या भागांचा एक कारखाना. सोमवारी संध्याकाळी पर्चेसचे साहेब निघता निघता प्राचीला सांगतात, "गुरुवारी अकराला ब्रॅकेटच्या रेटवर बसू या. तू, मी, सचिन आणि क्वालिटीवाले. आत्ताच टाकून ठेव." प्राची गूगल कॅलेंडर उघडते आणि शीर्षक देते, 'ब्रॅकेट रेट – व्हेंडर बदल?'. सगळे तयारीनिशी यावेत म्हणून खाली सविस्तर लिहिते: 'सध्याचा रेट 4 टक्के खाली आणायचा. न मानल्यास दिवाळीनंतर निम्मी ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरला. तिसऱ्या लॉटच्या रिजेक्शनचे आकडे आणावेत.' मग पाहुण्यांच्या चौकटीत `sach` एवढं टाइप करते. पहिलं नाव येतं ते सचिनचंच. एंटर.

हा सचिन कॉस्टिंगमधला नव्हता. ज्यांच्याकडून ब्रॅकेट येतात, ते हे सचिन सर.

पत्ता सुचवणारी यंत्रणा तुमच्या मनात कोण आहे ते बघत नाही. तुमचा मेलव्यवहार कोणाशी जास्त आहे ते बघते. कॉस्टिंगमधला सचिन प्राचीपासून दोन टेबलं सोडून बसतो, त्यामुळे ती त्याला मेल करतच नाही, जागेवरूनच हाक मारते. पुरवठादार सचिन सरांशी मात्र महिनाभर डिस्पॅचवरून रोज मेल चालू होते. त्यामुळे शेजारचा माणूस यादीत खाली गेला आणि बाहेरचा वर आला. खरेदी, विक्री, वकिली कचेऱ्या, भरती विभाग अशा रोज बाहेरच्यांशी मेल करणाऱ्या ठिकाणी ही चूक जास्त होते, ती याचमुळे.

पाठवताना कॅलेंडरने विचारलं होतं की एक पाहुणा संस्थेबाहेरचा आहे, पाठवायचं का? पण प्राची दिवसभर बाहेरच्यांनाच निमंत्रणं पाठवते, त्यामुळे ती सूचना तिच्या डोळ्यांना सवयीची झालेली. तिने ती न वाचताच पुढे नेली.

मंगळवारी सकाळी `Accepted` असा शब्द असलेला एक मेल आला. चूक तिथेच पकडता आली असती, कारण होकार देणाऱ्याचा पूर्ण पत्ता त्यात असतो. हे होकाराचे मेल कोणी उघडत नाही, प्राचीनेही उघडला नाही. दुपारी चहाला कॉस्टिंगच्या सचिनने विचारलं, "काय गं, गुरुवारचं कधी टाकतेस?"

"कालच टाकलंय की."

"मला काही आलेलं नाही."

तिने जागेवर येऊन यादी उघडली. सचिनच्या नावापुढे हिरवी खूण होती आणि पत्ता पुरवठादाराच्या कंपनीचा. तिने घाईघाईने ते नाव काढलं, बरोबर सचिन घातला आणि पाहुण्यांना कळवायचं का या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळी झाली. साहेबांना काही बोलली नाही. सरांनी वाचलं नसेल, असं तिने स्वतःला समजावलं.

नाव काढल्यावर जो मेल जातो तो सभा रद्द झाल्याचा असतो. त्याच्या विषयात तेच शीर्षक पुन्हा येतं आणि आत तपशीलही येऊ शकतो. पहिला मेल तर समोरच्याच्या इनबॉक्समध्ये तसाच राहतो. म्हणजे ज्याने सोमवारचा मेल नुसता 'हो' म्हणून बाजूला सारला होता, त्याच्यासमोर मंगळवारी 'ब्रॅकेट रेट – व्हेंडर बदल?' हे शब्द नव्याने आले, तेही 'रद्द' या शिक्क्यासह. ते कोणीही उघडून वाचेलच.

गुरुवारी अकराला दहा कमी असताना गेटवरून फोन आला. "मॅडम, ब्रॅकेटवाले सचिन सर आलेत. साहेबांना भेटायचंय म्हणतात."

मीटिंग रूममध्ये टीव्हीवर कॉस्टिंगचा तक्ता लागलेला होता आणि त्याच्या एका रकान्यात दुसऱ्या व्हेंडरचा रेट होता. सरांना आत बोलवायला सांगितलं ते साहेबांनीच, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. सर दारात थांबले आणि त्यांची नजर आधी टीव्हीवर गेली. क्वालिटीवाल्याने रिजेक्शनचे कागद उलटे करून ठेवले. कॉस्टिंगचा सचिन केबल शोधत राहिला. सरांनी निमंत्रणाची प्रिंट टेबलावर ठेवली. "सोमवारी हे आलं, मंगळवारी रद्द झालं. मजकूर मी वाचलाय. म्हणून स्वतःच आलो."

साहेबांनी इथे जे केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी आधी टीव्ही बंद करायला लावला, मग म्हणाले, "हे तुमच्यासाठी नव्हतं. पण त्यात लिहिलंय ते खरं आहे, नाकारत नाही. रेटचं आज बोलायला नको. आलाच आहात तर रिजेक्शनचं बघू." आणि ते त्यांनी खरंच बघितलं. तिसऱ्या लॉटच्या वेळी ड्रॉइंग बदललं होतं, पण पुरवठादाराकडे जुनीच प्रत होती, भोकाचं माप त्यामुळे हुकलं होतं. क्वालिटीवाल्याला तारखा तपासायला पाठवलं आणि रेटसाठी पुढची तारीख ठरली. निघताना सर प्राचीला एवढंच म्हणाले, "मंगळवारी एक फोन केला असतात, तर माझी माणसं दोन दिवस कामगार कमी करायची गणितं करत बसली नसती."

माझ्या मते या गोष्टीतली मोठी चूक ही मंगळवार ते गुरुवार बाळगलेलं मौन आहे. पत्ता कोणाचाही चुकू शकतो. पण त्या मौनामुळे साहेब बेसावध राहिले, तक्ता टीव्हीवर आला आणि दुसऱ्या व्हेंडरचा रेटही फुटला, जो निमंत्रणात नव्हताच.

चूक लक्षात आल्यावर काय करायचं, त्यात क्रमाला महत्त्व आहे. आधी मीटिंग ज्याची आहे त्याला सांगा. पुढे काय बोलायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि मजकुरात कोणाचा पगार, आजारपण किंवा ग्राहकाची माहिती असेल तर कंपनीच्या आयटी किंवा कायदा विभागालाही लगेच कळवावं लागतं. मग चुकीच्या माणसाला फोन करा. कॅलेंडरला हात त्यानंतर. उलटं केलंत तर तुमच्या फोनआधी रद्द झाल्याचा मेल पोहोचतो आणि समोरच्याला वाटतं, हे लपवायला बघत होते. फोनवर लांबण लावायची गरज नाही. "सर, गुरुवारचं निमंत्रण आमच्या कॉस्टिंगच्या सचिनसाठी होतं, चुकून तुम्हाला गेलं. आत्ता रद्द करते, तुम्हाला मेल येईल. त्यातला मजकूर आमच्या अंतर्गत चर्चेचा आहे. साहेब तुमच्याशी स्वतः बोलतील." एवढं पुरतं. 'डिलीट करा, वाचू नका' अशी गळ घालण्यात अर्थ नाही, बहुतेकदा वाचून झालेलं असतं. साहेब बोलतील असं म्हटलंत, तर ते त्याच दिवशी बोलतील एवढं मात्र बघा.

मेल परत ओढून घेता येईल या भरवशावर राहू नका. आउटलुकचं `Recall` दोघेही एकाच संस्थेच्या मेलव्यवस्थेत असतील तरच उपयोगी पडतं. बाहेरच्या पत्त्यावर गेलेला मेल त्याने परत येत नाही. जीमेलचं `Undo Send` सेटिंगमध्ये वाढवून जास्तीत जास्त 30 सेकंद करता येतं आणि ते जरूर करून ठेवा, पण ते जीमेलमध्ये लिहिलेल्या मेलपुरतं आहे. कॅलेंडरमधून गेलेल्या निमंत्रणाला त्याचा आधार नाही.

दुसरी टाळण्यासारखी चूक म्हणजे निमंत्रणातच अजेंडा लिहिणं. निमंत्रणात तारीख, वेळ, जागा आणि कोणी काय आणायचं एवढंच असावं. शीर्षकही कोरडं ठेवा: 'ब्रॅकेट – अंतर्गत आढावा'. वाटाघाटीचे आकडे कंपनीच्या सामायिक फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहा, ती फक्त ठरलेल्या माणसांना उघडेल अशी ठेवा आणि निमंत्रणात तिची लिंक द्या. मग निमंत्रण भलतीकडे गेलं तरी फाइल त्या माणसाला उघडणार नाही. अट एकच: 'लिंक असणाऱ्या कोणालाही' अशी परवानगी दिलेली नसावी. गूगल कॅलेंडर पाहुण्यांना फाइल बघायची परवानगी द्यायची का असं विचारतं, तिथेही नावं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पत्त्यांची यादीही एकदा बसून साफ करावी लागते. जीमेलमध्ये `Settings` मधल्या `General` खाली `Create contacts for auto-complete` असा पर्याय आहे. तिथे `I'll add contacts myself` निवडलं, की तुम्ही ज्यांना मेल करता ते पत्ते आपोआप साठणं थांबतं. आधी साठलेले पत्ते `contacts.google.com` वर `Other contacts` मध्ये सापडतात, तिथून नको ते काढून टाका. आउटलुकमध्ये सुचवलेल्या नावाशेजारच्या फुलीने ते नाव यादीतून जातं. ज्यांच्याशी रोजचं काम आहे त्यांना मात्र काढून चालणार नाही, म्हणून त्यांची नावं कंपनीसकट सेव्ह करा, 'सचिन ब्रॅकेट व्हेंडर' अशी. यादीत मग दोन सचिन समोरासमोर आले तरी फरक डोळ्यांना दिसतो.

आणि एक बारीक गोष्ट राहते. मीटिंग व्हिडिओवर असेल तर नाव काढल्यावरही जुनी लिंक त्या माणसाच्या मेलमध्ये राहते. जुन्या निमंत्रणात फेरफार करू नका, ते रद्द करून नव्या लिंकसह नवं निमंत्रण टाका. दर आठवड्याची मीटिंग असेल, तर नाव काढताना कॅलेंडर विचारतं की बदल या एका दिवसापुरता की सगळ्यांना. तिथे `All events` निवडा, नाहीतर तो माणूस पुढच्या गुरुवारच्या यादीत तसाच राहील.