पाणी तपासणीच्या लॅबला अर्ज लिहायचाय? टायट्रेशन आणि स्पेक्ट्रोचं नेमकं काय लिहायचं ते बघा

सोलापुरातल्या एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं बेंचवर काम करतोय, आणि जागा निघाली की आलेले अर्ज चाळायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडंच येतं. दहातल्या आठ अर्जांत एकच वाक्य असतं, "मला टायट्रेशन व स्पेक्ट्रोफोटोमेट्रीचे उत्तम ज्ञान आहे." ते वाचून मला काहीच कळत नाही, कारण बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या प्रत्येकानं ब्युरेट हातात धरलेलीच असते.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी असाच अर्ज घेऊन आली. म्हणाली, "दादा, जरा बघता का, इंग्लिश बरोबर आहे का." म्हटलं इंग्लिशचं नंतर बघू, आधी सांग तू नेमकं काय केलंस. मग तासभर बसून तिचा अर्ज नव्यानं लिहिला, तो कसा लिहिला तेच इथं सांगतो.

आधी प्रॅक्टिकलची वही उघडा

अर्ज लिहायला बसताना वही शेजारी हवीच, आठवणीतून लिहिलं की सगळं गुळगुळीत होतं. हिचा प्रोजेक्ट बोअरच्या पाण्याच्या हार्डनेसवर होता, जुळे सोलापुरातल्या सहा बोअरचं पाणी. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतंच, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं विषय लॅबच्या रोजच्या कामातलाच होता. पण अर्जात त्याचं नावसुद्धा नव्हतं! वर "कॉलेजचा प्रोजेक्ट काय सांगायचा" हे तिचं म्हणणं.

वहीत एक पान खोडाखोडीचं होतं आणि खरा माल त्याच पानावर निघाला. तिनं पहिल्यांदा ५० मिली नमुना घेतला, अमोनिया बफर घालून पीएच १० ला आणला, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं आणि ०.०१ मोलर ईडीटीए सोडायला लागली. ब्युरेट २४ च्या पुढं गेली तरी रंग नीट बदलेना, निळा झाला म्हणून थांबावं तर अर्ध्या मिनिटात परत जांभळट. तीन रीडिंग, तिन्ही वेगळी.

आता हे का होतं तर, इतकं जड पाणी पीएच १० ला नेऊन ठेवलं की त्यातलं थोडं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसायला लागतं, मग ते हळूहळू परत विरघळतं आणि एंड पॉइंट सरकत राहतो. त्यामुळं नमुना असा घ्यायचा की ईडीटीए साधारण १५ मिलीच्या आत संपेल, आणि बफर घातल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन उरकायचं. हिनं पुस्तक बघून तेच केलं, २५ मिली नमुना घेतला, डिस्टिल्ड वॉटरनं ५० मिली केला, आणि रीडिंग आली १२.३, १२.२, १२.३.

मी म्हटलं, "हे का नाही लिहिलंस?" तर म्हणे, "ते चुकलं होतं ओ दादा." अगं बाई, चुकलेलं ओळखून दुरुस्त केलंस, आम्हाला तेच तर बघायचं असतं!

मग एक नमुना शेवटपर्यंत घेऊन जा

अर्जात सहाच्या सहा बोअर कोंबू नका, एकच घ्या आणि आकड्यापासून निकालापर्यंत दाखवा. आणि इथं एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ईडीटीएचं स्टँडर्डायझेशन. बाटलीवर ०.०१ मोलर लिहिलंय म्हणून तो तेवढाच असेल असं नसतं. हिनं १ मिलीत १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असलेलं स्टँडर्ड द्रावण १० मिली घेतलं, त्याला ईडीटीए लागला १०.२ मिली. म्हणजे तिचा १ मिली ईडीटीए हा १ नाही, ०.९८ मिलिग्रॅमच्या बरोबरीचा.

हिशोब असा:

१२.३ × ०.९८ × १००० ÷ २५ = ४८२ मिलिग्रॅम प्रति लिटर

स्टँडर्डायझेशन न करता ०.०१ धरलं असतं तर उत्तर ४९२ आलं असतं. आता तुम्ही म्हणाल दहानं काय बिघडतं, या नमुन्याचं नाही बिघडत, आयएस १०५०० मध्ये स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे दोन्ही आकडे मधेच पडतात. पण नमुना ५९५ चा असता तर त्याच चुकीनं रिपोर्ट ६०७ गेला असता, आणि मग पार्टी रिपोर्ट घेऊन काउंटरवर भांडायला येणार. ज्याच्या अर्जात स्टँडर्डायझेशनचा उल्लेख दिसतो त्याचा अर्ज मी तरी बाजूला काढून ठेवतो.

स्पेक्ट्रोच्या बाबतीत आधी खरं सांगा

कॉलेजात नक्की काय वापरलं, कलरीमीटर की स्पेक्ट्रोफोटोमीटर? फिल्टर बदलायची चकती होती तर तो कलरीमीटर, आणि तसंच लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण अर्जात स्पेक्ट्रो लिहून मुलाखतीत "आम्ही हिरवा फिल्टर लावायचो" म्हटलं की संपलंच. हिनं मात्र खरोखर स्पेक्ट्रोच वापरला होता, नळाच्या पाण्यातलं लोह काढायला.

पद्धत जुनीच आहे, हायड्रॉक्सिलअमाइननं सगळं लोह फेरस करून घ्यायचं, १,१०-फेनॅन्थ्रोलिन घालायचं, नारिंगी-लाल रंग येतो, दहा-पंधरा मिनिटं थांबून ५१० नॅनोमीटरवर वाचायचं. हिनं ०.५, १.०, १.५ आणि २.० मिलिग्रॅम प्रति लिटरची चार स्टँडर्ड केली आणि रीडिंग आली ०.१३, ०.२३, ०.३३, ०.४३. रेषा एकदम सरळ, सर पण खूश. पण नीट बघा, ती शून्यातून जात नाही, ०.०३ वर सुरू होते.

कारण हिनं मशिन झिरो केलं होतं नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर. रिएजंटमध्येच थोडं लोह असतं, त्यामुळं ब्लँकमध्येही सगळे रिएजंट घालावे लागतात. दुसऱ्या दिवशी तिनं रिएजंट ब्लँक वाचला, बरोबर ०.०३. तो वजा केल्यावर ०.१०, ०.२०, ०.३०, ०.४०. मग घरातल्या जुन्या लोखंडी पाइपातलं सकाळचं पहिलं पाणी ०.१७ आलं, म्हणजे ०.८५ मिलिग्रॅम प्रति लिटर. ब्लँक वजा न करता मूळ ०.२० च्या रीडिंगलाच हे गुणोत्तर लावलं असतं तर तेच पाणी १.० दिसलं असतं.

आणि टाकीतलं पाणी? त्याचं रीडिंग ०.०२ आलं. हिनं वहीत "०.१ मिलिग्रॅम" असं लिहून टाकलेलं. मी ते अर्जातून काढायला लावलं, कारण तिचं सगळ्यात छोटं स्टँडर्डच ०.५ होतं, त्याच्या खालचा आकडा तिच्या रेषेवरून ठामपणे सांगता येत नाही. "०.५ पेक्षा कमी" एवढंच लिहायचं.

आता अर्ज

भाषेचं म्हणाल तर जाहिरात ज्या भाषेत आलीय त्या भाषेत लिहा. आम्ही आधी मराठीत पक्का केला आणि मग तिनं इंग्लिशमध्ये उतरवला. मधला भाग असा झाला:

> विषय : ज्युनिअर केमिस्ट पदासाठी अर्ज
>
> महोदय,
>
> मी यंदा रसायनशास्त्र विषयात बी.एस्सी. पूर्ण केले आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी जुळे सोलापूर भागातील सहा बोअरच्या पाण्याची हार्डनेस ईडीटीए टायट्रेशनने मोजली. ईडीटीए मी स्वतः तयार करून कॅल्शियम स्टँडर्डने तपासून घेतला. सुरुवातीला ५० मिली नमुन्यात एंड पॉइंट स्थिर राहत नव्हता, म्हणून २५ मिली नमुना पातळ करून घेतला. त्यानंतरची तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळली. त्या नमुन्याची हार्डनेस ४८२ मिलिग्रॅम प्रति लिटर आली.
>
> नळाच्या पाण्यातील लोह मी फेनॅन्थ्रोलिन पद्धतीने, सिंगल बीम स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१० नॅनोमीटरला मोजले आहे. चार स्टँडर्डचा कॅलिब्रेशन आलेख शून्यातून जात नसल्याचे लक्षात आल्यावर रिएजंट ब्लँक घेऊन तो दुरुस्त केला.
>
> नायट्रेट, फ्लोराइड तसेच जिवाणू तपासणी मी प्रत्यक्ष केलेली नाही. मूळ नोंदवहीच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

"केलेली नाही" ही ओळ लिहायला ती अजिबात तयार नव्हती. तिला म्हटलं, फ्रेशरला सगळं येत नाही हे लॅबला माहीतच असतं, पण येतं म्हणून लिहिलेलं नसेल येत तर ते पहिल्याच दिवशी कळतं. हे मी माझ्यावरून सांगतोय. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी फ्लोराइड येतं असं ठोकून दिलेलं, आणि मुलाखतीत विचारलं की एसपीएडीएनएस पद्धतीत फ्लोराइड वाढलं की रंग गडद होतो की फिका. मी छातीठोकपणे गडद म्हटलं. होतो फिका.

बाकी पत्ता, तारीख, सही वगैरे नेहमीसारखंच, त्यात डोकं लावू नका. अर्ज एका पानात बसवा. "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड" ही ओळ काढली की तीन ओळींची जागा मिळते, तिथं एक रीडिंग जास्त बसतं.

झेरॉक्स मात्र त्या खोडाखोडीच्या पानाचीच जोडा. हिला ते पान स्वच्छ अक्षरात परत लिहून जोडायचं होतं, मी नको म्हटलं. लॅबमध्ये चुकलेला आकडा एकच रेघ मारून खोडतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. हिच्या वहीत २४.६ वर एकच रेघ होती, खाली १२.३, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, "रंग परत येतोय, नमुना कमी घ्यावा."