मराठी शैक्षणिक चॅनलची ओळख कशी बसवावी: नाव, थंबनेल आणि ठरलेली सदरं

चॅनल उघडणं, फोन नंबर पडताळून घेणं, माईक-ट्रायपॉड जमवणं हे तुम्ही केलेलं आहे असं मी धरून चालतो. इथे फक्त ओळखीबद्दल बोलू. त्यातही सगळ्यात जास्त थंबनेलवरच्या मराठी अक्षरांबद्दल, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला आहे आणि सर्वांत वाईट सल्लेही तिथेच मिळतात.

एक उदाहरण धरू. पंचवटीत दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवणारे एक सर आहेत, मुलं मराठी माध्यमाची आहेत आणि पुस्तक बालभारतीचं. त्यांना चॅनल काढायचं आहे.

नाव

सरांच्या मनात पहिलं नाव येतं ते 'ज्ञानगंगा सायन्स अकॅडमी, नाशिक'. क्लासच्या पाटीवर ते शोभेल, चॅनलला नको. मुलगा मित्राला नाव तोंडी सांगतो आणि मित्र ते इंग्रजी कीबोर्डवर टाइप करतो. 'ज्ञान' कुणी dnyan लिहितो, कुणी gyan, कुणी jnan. 'नाशिक'चंही Nashik आणि Nasik असं दोन्ही चालतं. म्हणजे एका नावात दोन ठिकाणी घसरायला जागा. शिवाय 'गंगा', 'अकॅडमी', 'गुरू', 'मंत्र' या शब्दांचा इतका सुळसुळाट आहे की शोधात तुमच्या वर आणखी दहा जण उभे असतात. गावाचं नाव तर विषयच गावाचा असेल तरच घ्यावं. अपवर्तन नाशिकमध्ये वेगळं होत नाही.

नावाची परीक्षा सोपी आहे. सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत उभं राहून कुणाला तरी फोनवर नाव एकदाच सांगा आणि ते टाइप करून पाठवायला सांगा. पाच जणांकडून एकच स्पेलिंग आलं तर नाव ठेवा. ज्ञ, ऋ, क्ष किंवा ळ असलेली नावं इथे हमखास आपटतात.

आपल्या सरांसाठी मी 'दोन खडू' हे नाव धरतो. don khadu, यात दुसरं स्पेलिंग फारसं सुचत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या नावातून पुढचं सगळं निघतं. फळा गडद हिरवा. जे दिलेलं आहे ते पांढऱ्या खडूने, जे शोधायचं आहे ते पिवळ्याने. रंग ठरले, थंबनेलचा नियम ठरला, एक सदरही ठरलं. नावातून असं काही निघत नसेल तर ते नाव केवळ लेबल आहे.

पक्कं करण्याआधी यूट्यूबवर शोधून पाहा, @donkhadu सारखं हँडल मोकळं आहे का ते पाहा, आणि ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शिक्षणाच्या ४१ क्रमांकाच्या वर्गात एकदा नजर टाका. नावात 'दहावी' घालू नका. पुढच्या वर्षी नववीचा व्हिडिओ करावासा वाटला की अडकाल.

लोगो: पांढरी आणि पिवळी अशा दोन तिरक्या रेघा, गोलात बसतील अशा. संपलं.

थंबनेल: इथे सावकाश

आपल्याकडे पुष्कळ जण थंबनेल फ्लेक्सवाल्याकडून करून घेतात. माणूस हुशार असतो, पण त्याचा हात वाढदिवसाच्या बॅनरवर बसलेला. रिकामी जागा दिसली की त्याला चैन पडत नाही. मग सरांचा कोट घातलेला फोटो, पुस्तकाचं मुखपृष्ठ, धड्याचं पूर्ण नाव, 'संपूर्ण स्वाध्याय', फोन नंबर, लाल बाण, सगळं एका चौकटीत. १२८० बाय ७२० पिक्सेलची ही चौकट त्याच्या पडद्यावर छान दिसते. मुलाच्या मोबाइलवर तिची रुंदी अंगठ्याएवढी, आणि संगणकावर बाजूच्या यादीत जेमतेम १६८ पिक्सेल.

म्हणून पहिला नियम: व्हिडिओचं शीर्षक थंबनेलवर लिहायचं नाही. शीर्षक खाली लिहिलेलं असतंच आणि शोधासाठी लागणारे शब्द तिथेच हवेत: 'प्रकाशाचे अपवर्तन, इयत्ता दहावी विज्ञान भाग १'. थंबनेलवर फक्त प्रश्न येतो, तोही तीन-चार शब्दांत. अपवर्तनासाठी सरांनी वाडग्यातल्या नाण्याचा फोटो घेतला. वाडग्यात ४ सेंटिमीटर पाणी, आणि पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. सरळ वरून पाहिलं तर नाणं ३ सेंटिमीटर खोलीवर असल्यासारखं दिसतं. थंबनेलवरची अक्षरं एवढीच: 'नाणं वर कसं?' त्यात 'वर' पिवळा, बाकी पांढरं.

आता अक्षरं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतो आणि खाली उकार. त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं मराठी अक्षर प्रत्यक्षात लहान दिसतं. यावर 'फॉन्ट जाड करा' हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धवट आहे. फार जाड केलं की अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते आणि लहान आकारात घ आणि ध, भ आणि म, ष आणि प एकसारखे दिसू लागतात. 'घर्षण' वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. जाडीपेक्षा आकार वाढवा, आणि आकाराला जागा हवी असेल तर शब्द कमी करा. मी Mukta चं Bold वजन वापरतो. लहान मुलांच्या चॅनलला Baloo 2 चालेल. दोन्ही फॉन्ट 'एक टाइप' या भारतीय संस्थेचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. फॉन्ट कुठलाही घ्या, आधी त्यात 'ऊर्ध्वपातन', 'द्रव्य', 'साऱ्या' आणि 'ट्रान्सफॉर्मर' लिहून पाहा. जोडाक्षर सुटं पडलं किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर गेली, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. जुन्या फोटोशॉपमध्ये Preferences मधल्या Type विभागात भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर 'प्रकाश'चं 'प्‌रकाश' होतं.

यानंतर चार गोष्टी, ज्यांत मी तडजोड करत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते झोकदार दिसतं. मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्यच ठेवा.

दोन ओळी करायच्या असतील तर वरच्या ओळीत उकार आणि खालच्या ओळीत वेलांटी-रफार समोरासमोर येणार नाहीत अशी शब्दरचना करा. 'सूर्याचा' वर आणि 'किरण' खाली ठेवून पाहा. 'सू'चा उकार 'कि'च्या वेलांटीत जाऊन बसतो. ओळींमधलं अंतर वाढवलं तर अक्षरं लहान करावी लागतात. त्यापेक्षा वाक्य बदला. 'नाणं' वर, 'वर कसं?' खाली, यात धडकायला काही नाही.

अक्षरांना काळी किनार देताना सावध राहा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये किनार प्रत्येक अक्षराला वेगवेगळी लागते, त्यामुळे शिरोरेघेवर जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे उभी काळी रेघ उमटते. मोठ्या पडद्यावर ती नजरेतून सुटते, लहान झाल्यावर शब्द मळलेला वाटतो. उपाय असा: त्याच मजकुराची प्रत करा, खालच्या प्रतीला किनार द्या, वरची बिनकिनारीची ठेवून बरोबर तिच्यावर बसवा. सगळ्या रेघा झाकल्या जातात. 'दोन खडू'ला तर किनारीची गरजच नाही, कारण पाठीमागे गडद हिरवा #1F3D2F आहे आणि त्यावर पांढरा व #FFD54A पिवळा स्वच्छ उठतात. मात्र यूट्यूबचा गडद मोड लावूनही पाहा. गडद थंबनेल काळ्या पार्श्वभूमीत बुडत असेल तर फोटोचा भाग उजळ घ्या.

उजवा खालचा कोपरा रिकामा ठेवा. तिथे व्हिडिओची लांबी येते. 'कसं?' मधलं प्रश्नचिन्ह तिच्याखाली गेलं की प्रश्न उरत नाही. मी अक्षरं कायम डावीकडे ठेवतो, वस्तू उजवीकडे वरच्या अंगाला.

शेवटी चाळणी. डिझाइन १३ टक्के झूमवर आणा, म्हणजे साधारण ते १६८ पिक्सेलचं माप येतं. खुर्ची मागे सरकवून पाहा. वाचता आलं नाही तर एक शब्द काढा आणि पुन्हा पाहा. मग आधीच्या पाच थंबनेलशेजारी ठेवा: अक्षरं झाकली तरी सहाही एका घरातली वाटायला हवीत.

यूट्यूब स्टुडिओत एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून तुलना करण्याची सोय आहे. ती निवड नुसत्या क्लिकवर ठरत नाही, कुठल्या थंबनेलवरून आलेल्यांनी जास्त वेळ पाहिलं यावर ठरते, आणि हे शिक्षणाच्या चॅनलला सोयीचंच आहे. पण प्रेक्षक थोडे असतील तर निकाल लागतच नाही. तोवर १३ टक्क्यांची चाळणी बरी.

ठरलेली सदरं

दोनच ठेवा. सदराला नाव, जागा आणि लांबी तिन्ही ठरलेली हवीत. 'दोन खडू'मध्ये सुरुवातीला 'काय दिलंय, काय हवंय': अर्ध्या मिनिटात फळ्यावर पांढऱ्याने दिलेलं, पिवळ्याने विचारलेलं. फिरत्या लोगोची आणि संगीताची प्रस्तावना नको. मूल तेवढ्यात निघून जातं. शेवटी 'मार्क कुठे जातात': त्या धड्यात मुलं नेमकी जी चूक करतात तेवढीच एक. अपवर्तनात ती ठरलेली आहे, कोन स्तंभिकेपासून मोजायचा सोडून पृष्ठभागापासून मोजतात.

सरांना तिसरंही सुचलं होतं, रामकुंडावर जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे. कल्पना झकास, पण पावसाळ्यात पाणी दुतोंड्या मारुतीपर्यंत चढलं की सदर बंद. जे सदर तापाने फणफणत असतानाही घरात बसून करता येतं तेच टिकतं. रामकुंडाचा एखादा वेगळा व्हिडिओ करावा.

सदरांची नावं वर्णनात वेळेसह लिहा, म्हणजे व्हिडिओचे भाग पडतात. पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन भाग हवेत आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा:

```
00:00 काय दिलंय, काय हवंय
00:35 नाणं वर कसं?
07:10 मार्क कुठे जातात
```

सदर चालतंय का हे स्टुडिओतल्या प्रेक्षक टिकण्याच्या आलेखावर कळतं. पाच-सहा व्हिडिओंत त्याच जागी रेघ खचत असेल तर सदर अर्धं करा, तरीही खचली तर काढा. उलट 'मार्क कुठे जातात'पाशी रेघ वर उचलली जात असेल, तर मुलं सरळ तिथेच उडी मारत आहेत. तेवढाच तुकडा वेगळा शॉर्ट म्हणून टाका, त्याच हिरव्या-पिवळ्या रंगात.

जुने व्हिडिओ असतील तर सगळी थंबनेल एका रात्रीत बदलू नका. सध्या जे चार-पाच सर्वांत जास्त पाहिले जातात त्यांना सोडून बाकीच्यांपासून सुरुवात करा. चालत्या व्हिडिओचं थंबनेल बदलायचं तर एका वेळी एकच, आणि आठवडाभर आकडे पाहून मग पुढचं. जुनी फाईल जपून ठेवा; आकडे पडले तर तीच परत लावता येते.