लँगेलिअर इंडेक्स काढताना या चुका टाळा

पाण्याचा अहवाल हातात आला की त्यातले पाच आकडे कॅल्क्युलेटरमध्ये भरायचे, उत्तर धन आले तर ‘क्षार बसणार’ आणि ऋण आले तर ‘पाइप गंजणार’ असा शेरा मारून मोकळे व्हायचे, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की ते पाच आकडे आले कुठून, हे विचारण्याची तसदीही कोणी घेत नाही. नवशिक्यांना उत्तराची घाई असते, हे समजू शकते. पण त्या उत्तरावर विसंबून डोसिंग पंप बसवले जातात, तेव्हा ही घाई महागात पडते.

विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या या निर्देशांकाचा गाभा साधा आहे. दिलेल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतही नाही आणि बाहेरही पडत नाही, अशा समतोलाचा एक पीएच असतो. त्याला संपृक्ततेचा पीएच म्हणू. पाण्याच्या प्रत्यक्ष पीएचमधून तो वजा केला की निर्देशांक मिळतो. नेहमी वापरले जाणारे सूत्र असे आहे:

```
LSI = pH - pHs
pHs = (9.3 + A + B) - (C + D)
A = (log10(TDS) - 1) / 10
B = -13.12 * log10(t + 273) + 34.55
C = log10(Ca) - 0.4
D = log10(Alk)
```

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ही दोन्ही मूल्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, मिलिग्राम प्रति लिटरमध्ये घ्यायची असतात आणि तापमान सेल्सिअसमध्ये. सूत्र वापरण्यापूर्वी कोणत्या आकड्याचे वजन किती, हे पाहून घ्यावे. कॅल्शियम २५०ऐवजी २७५ धरले तर उत्तर ०.०४ ने बदलते. टीडीएस दुप्पट धरला तर ०.०३ ने. पीएचमधली चूक मात्र जशीच्या तशी उत्तरात उतरते. तिला लॉगरिदमचा आडोसा मिळत नाही. तरीही लोक टीडीएस मीटर कोणता घ्यावा यावर वाद घालतात आणि पीएच मात्र प्रयोगशाळेच्या अहवालातून डोळे झाकून उचलतात.

बाटलीत शिळा झालेला पीएच

भूजलात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. नमुना हवेशी खेळत बाटलीत भरला, अर्धी बाटली रिकामी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोजला, तर तोवर बराचसा वायू निघून गेलेला असतो आणि पीएच चढलेला असतो. अल्कलिनिटी त्यामुळे बदलत नाही, म्हणून अहवाल बाहेरून निर्दोष दिसतो.

एका मोठ्या वसतिगृहात याच चुकीने काय केले, ते मी जवळून पाहिले आहे. बोअरचे पाणी तेथे उघड्या टाकीत न जाता थेट दाबाच्या बंद लाइनमध्ये येत असे. अहवालात पीएच ७.९, टीडीएस ६००, कॅल्शियम हार्डनेस २५०, अल्कलिनिटी ३०० आणि तापमान २७ अंश असे आकडे होते. सूत्रात घातले तर A ०.१८, B २.०५, C २.०० आणि D २.४८ येतात, म्हणजे संपृक्ततेचा पीएच ७.०५ आणि निर्देशांक अधिक ०.८५. त्यातच पाणी तापवण्याच्या हीटरमध्ये पांढरा थर धरत होता, त्यामुळे आकडा सगळ्यांना पटला. सल्लागाराने मुख्य लाइनवर ॲसिड डोसिंग बसवून दिले.

पुढच्या काही महिन्यांत हीटरची तक्रार खरोखरच कमी झाली आणि सारे समाधानी होते. मग सकाळी पहिल्यांदा नळ उघडला की पाणी तांबूस येऊ लागले. रात्रभर पाइपात उभे राहिलेले पाणीच तेवढे रंगीत यायचे आणि नळ थोडा वेळ वाहिला की स्वच्छ व्हायचे. हे लक्षण दिसले की आधी लाइनीतला गंज तपासावा. जीआय पाइपचा एक तुकडा कापून पाहिला, तर आतले जस्त जागोजागी निघून गेले होते आणि उघड्या लोखंडावर गंजाच्या गाठी धरल्या होत्या.

डोसिंगच्या अलीकडे, बोअरच्या तोंडाशीच पीएच मोजला, तेव्हा तो ७.० निघाला. म्हणजे थंड लाइनसाठी मूळ पाण्याचा निर्देशांक उणे ०.०५ होता, पाणी जवळजवळ समतोलात होते. ॲसिडनंतर अल्कलिनिटी २४० आणि पीएच ६.६ झाला होता. अल्कलिनिटी घटल्यामुळे संपृक्ततेचा पीएच ७.१५ वर चढला आणि निर्देशांक उणे ०.५५ वर उतरला. ॲसिडने पीएच खाली येतो हे सगळ्यांच्या लक्षात असते. त्याच वेळी समतोलाचा बिंदू वर सरकतो आणि तुटलेल्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड बंद लाइनीतच अडकून राहतो, याचा विसर पडतो.

माझी स्वतःची सवय सांगतो. नळाला रबरी नळी लावून तिचे टोक बाटलीच्या तळाशी टेकवायचे, पाणी बराच वेळ वरून वाहू द्यायचे आणि वाहत्या पाण्यातच इलेक्ट्रोड बुडवून आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचे. मीटर त्याच जागी, त्याच दिवशी दोन बफरवर लावून घ्यायचा. मीटरमधली तापमानाची आपोआप होणारी दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडच्या प्रतिसादापुरती असते. पंचवीस अंशांना मोजलेल्या पाण्याचा साठ अंशांचा पीएच ती सांगत नाही.

त्यानंतर पडताळा म्हणून, काठोकाठ भरलेल्या एका बाटलीत शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड टाकून, हवा न ठेवता बूच लावून, अधूनमधून हलवत ती रात्रभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गाळून अल्कलिनिटी मोजायची. अल्कलिनिटी वाढली तर पाणी चुना विरघळवते आहे, घटली तर ते चुना सोडते आहे. वसतिगृहाचे मूळ पाणी या परीक्षेत जवळपास तसेच राहिले, तर ॲसिड दिलेल्या पाण्याची अल्कलिनिटी २४० वरून ३०० च्या वर गेली. या परीक्षेला एक रात्र लागते, म्हणून ती टाळली जाते. मला ती कोणत्याही कॅल्क्युलेटरपेक्षा अधिक विश्वासाची वाटते.

पाणी उघड्या टाकीत पडत असेल, तर टाकीनंतरचा पीएच खरोखरच चढलेला असतो. तेव्हा बोअरचा आकडा घरातल्या नळांसाठी वापरणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक ठरते. ज्या पाइपाविषयी बोलायचे आहे, त्याच पाइपातले पाणी मोजावे.

एकच तापमान साऱ्या इमारतीला

त्या वसतिगृहात हीटरमध्ये क्षार बसत होते, ही गोष्ट तर खरीच होती. मग समतोलातल्या पाण्याने थर कसा धरला? सूत्रात २७च्या जागी ६० अंश घातले की B २.०५ वरून १.४६ वर येतो आणि संपृक्ततेचा पीएच ०.६ ने उतरतो. तापल्यावर पाण्याचा पीएचही किंचित उतरतो, पण बायकार्बोनेटचे प्राबल्य असलेल्या, सातच्या आसपास पीएच असणाऱ्या पाण्यात हा फरक फार थोडा असतो. म्हणून थंड लाइनीत उणे ०.०५ असलेले पाणी हीटरमध्ये अधिक ०.५ च्या आसपास जाते. हीटरच्या कॉइलचा पृष्ठभाग पाण्यापेक्षाही गरम असतो, त्यामुळे थर सर्वात आधी तेथेच बसतो.

म्हणजे एकाच पाण्याला दोन उत्तरे होती आणि दोन्ही बरोबर होती. एका ठिकाणच्या उत्तरावर औषध संपूर्ण इमारतीला दिले, हे चुकले. ॲसिड बंद करून फक्त हीटरकडे जाणाऱ्या फाट्यावर सॉफ्टनर बसवला आणि त्याच्या पाण्यात थोडे मूळ पाणी मिसळून कॅल्शियम १०० वर ठेवले, तेव्हा साठ अंशांनाही निर्देशांक अधिक ०.१५ च्या घरात आला. थंड लाइनीला हात लावावा लागला नाही. मोठा व्यवहार असेल तर सर्वात थंड आणि सर्वात गरम अशा दोन्ही टोकांचा निर्देशांक काढल्याशिवाय मी काहीही सुचवत नाही.

आकड्याला प्रमाण समजणे

अधिक ०.५ म्हणजे ‘किती’ क्षार, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. निर्देशांक केवळ कल दाखवतो. वरच्याच कठीण पाण्याचा पीएच ७.५५ झाला तर निर्देशांक अधिक ०.५ येतो आणि समतोल साधेपर्यंत ते ढोबळमानाने लिटरमागे ४० मिलिग्राम कॅल्शियम कार्बोनेट सोडू शकते. आता टीडीएस १००, कॅल्शियम ३० आणि अल्कलिनिटी ४० असलेले मृदू पाणी घ्या. त्याचा पीएच ९.३ असला तर पंचवीस अंशांना त्याचाही निर्देशांक अधिक ०.५ च भरतो, पण त्याच्याजवळ सोडायला लिटरमागे जेमतेम ५ मिलिग्राम असतात. त्याला मुळात सामग्रीच कमी आहे. प्रमाण हवे असेल तर कॅल्शियम कार्बोनेटची अवक्षेपण क्षमता स्वतंत्रपणे काढावी लागते. त्यासाठी संगणकावर समतोलाचे गणित करावे लागते आणि ते करावेच. वेग तर यांपैकी कोणताच आकडा सांगत नाही.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

एकूण हार्डनेस कॅल्शियमच्या जागी भरू नये. त्यातला मॅग्नेशियमचा वाटा उत्तर फुगवतो.

अहवालात कॅल्शियम मूलद्रव्याच्या रूपात दिले असेल तर सूत्रात घालण्यापूर्वी २.५ ने गुणावे, नाहीतर उत्तर ०.४ ने कमी येते.

लँगेलिअर पटला नाही म्हणून रायझनर इंडेक्सकडे वळण्याने काही साधत नाही. तोही त्याच दोन पीएचपासून बनतो, त्यामुळे चुकीचा पीएच तेथेही सोबत येतो.

स्केलरोधक रसायन चालू असलेल्या पाण्यात धन निर्देशांक असूनही थर बसत नाही, कारण ते रसायन स्फटिकांची वाढ रोखते. सिलिका आणि कॅल्शियम सल्फेट यांच्या थराबद्दल हा निर्देशांक काहीच बोलत नाही.

‘पाइप गंजणार’ या शेऱ्याविषयी मात्र थोडे अधिक लिहिणे भाग आहे. ऋण निर्देशांक इतकेच सांगतो की पाण्यात चुन्याचा थर टिकणार नाही. धातू गंजतो तो विरघळलेला ऑक्सिजन, क्लोराइड, सल्फेट आणि पाण्याचा वेग यांच्यामुळे, आणि यांतली एकही गोष्ट सूत्रात थेट येत नाही. क्लोराइड जास्त असलेले पाणी निर्देशांक धन असतानाही स्टेनलेस स्टीलला भोके पाडू शकते. उलट निर्देशांक ऋण असूनही बंद परिभ्रमणाची, ऑक्सिजन संपलेली लाइन वर्षानुवर्षे टिकते. म्हणून लोखंडी लाइनीसाठी मी क्लोराइड आणि सल्फेटची मिलीइक्विव्हॅलंटमधली बेरीज भागिले बायकार्बोनेट, हे लार्सन गुणोत्तर सोबत काढतो आणि ते १ च्या वर असेल तर निर्देशांक कितीही चांगला असो, त्याच धातूची वजन केलेली पट्टी लाइनीत तीन महिने बसवून तिची घट मोजायला सांगतो.